एकतर्फी की दुतर्फी? शून्य आणि पर्यायी परिकल्पना बिनचूक कशा मांडाव्यात

एक नेहमीच्या धाटणीचा प्रश्न घेऊ. बॅटरीच्या पाकिटावर छापलंय, ‘सरासरी आयुष्य किमान ४० तास’. ग्राहकांच्या एका संघटनेला हे खरं वाटत नाही. तिने ३६ बॅटऱ्या यादृच्छिक पद्धतीने निवडून तपासल्या. त्यांचं सरासरी आयुष्य ३८.९ तास आलं आणि प्रमाण विचलन ३.६ तास. ५ टक्के सार्थकता पातळीवर दाव्याची चाचणी करा.

तीन विद्यार्थी हे गणित सोडवतात. तिघांचंही टी-मूल्य −१.८३ येतं, आणि ते बरोबरच आहे. पण पहिल्याची पी-व्हॅल्यू येते ०.०३८, दुसऱ्याची ०.०७५ आणि तिसऱ्याची ०.९६. पहिला दावा फेटाळतो, दुसरा म्हणतो पुरावा पुरेसा नाही, तिसरा म्हणतो दाव्याविरुद्ध काहीच सापडलं नाही. आकडेमोडीत कुणीही चुकलेलं नाही. फरक पडलाय तो पहिल्या दोन ओळींत, म्हणजे H₀ आणि H₁ लिहिताना. तपासणारा याच ओळी आधी वाचतो आणि त्या चुकल्या असतील तर खालचं सगळं बरोबर असूनही निष्कर्ष हातचा जातो.

या लेखात टी-मूल्य कसं काढायचं ते सांगणार नाही. प्रश्नातल्या शब्दांपासून त्या दोन ओळींपर्यंत कसं पोहोचायचं, एवढंच पाहू.

आधी ठरवा, विधान कशाबद्दल आहे

परिकल्पना नेहमी समष्टीबद्दल असते, नमुन्याबद्दल नाही. आपल्या प्रश्नात समष्टी म्हणजे त्या प्रकारच्या सगळ्या बॅटऱ्या, आणि आपल्याला माहीत नसलेली गोष्ट म्हणजे त्या सगळ्यांचं सरासरी आयुष्य. त्याला μ म्हणू. उत्तराची पहिली ओळ अशी असावी: ‘μ = या प्रकारच्या सर्व बॅटऱ्यांचं सरासरी आयुष्य, तासांत.’ अनेक जण ही ओळ गाळतात आणि मग पुढे μ म्हणजे नेमकं कुणाची सरासरी याचाच गोंधळ होतो.

नमुन्याची सरासरी x̄ आपल्याला ठाऊक आहे. ती ३८.९ आहे आणि त्यात शंकेला जागा नाही. म्हणून ‘H₀: x̄ = ४०’ या ओळीला अर्थच नाही; ३८.९ म्हणजे ४० नव्हे, त्यासाठी चाचणी कशाला हवी? तीच गत ‘H₀: μ = ३८.९’ ची. नमुन्यातून आलेला आकडा परिकल्पनेत कधीच येत नाही. तिथे येतो तो दाव्यातला, जुन्या नोंदीतला किंवा ठरवून दिलेल्या मानकातला आकडा. प्रमाणाच्या प्रश्नातही हेच: समष्टीतलं प्रमाण p परिकल्पनेत येतं, नमुन्यातलं p̂ येत नाही.

नमुन्याचे आकडे झाकून वाक्य वाचा

अभ्यासक्रमातल्या प्रश्नांची एक अडचण अशी की दावा आणि नमुन्याचे आकडे एकाच परिच्छेदात असतात. ३८.९ दिसलं की डोकं आपोआप ‘४० पेक्षा कमी’ असं म्हणू लागतं आणि H₁ चं चिन्ह तिथेच ठरून जातं. म्हणून नमुन्याची ओळ बोटाने झाकायची आणि उरलेलं पुन्हा वाचायचं. उरतं ते असं: पाकिटावर ‘किमान ४० तास’ लिहिलंय आणि संघटनेला ते खरं वाटत नाही.

आता दाव्याचं चिन्ह लिहा. ‘किमान’, ‘४० किंवा अधिक’, ‘४० पेक्षा कमी नाही’ या सगळ्यांचा अर्थ μ ≥ ४०. ‘जास्तीत जास्त’, ‘पेक्षा अधिक नाही’, ‘मर्यादेच्या आत’ यांचा अर्थ ≤. ‘पेक्षा जास्त’, ‘वाढली आहे’ म्हणजे >. ‘पेक्षा कमी’, ‘घटली आहे’ म्हणजे <. ‘बदलली आहे’, ‘वेगळी आहे’, ‘फरक पडला आहे’ म्हणजे ≠. ‘इतकीच आहे’, ‘बदल नाही’ म्हणजे =.

यात घसरण्याची सर्वात मोठी जागा म्हणजे ‘किमान’ आणि ‘पेक्षा जास्त’ यांतला फरक. बोलताना आपण दोन्ही एकाच अर्थाने वापरतो, पण इथे एका बरोबरच्या चिन्हाचा प्रश्न आहे आणि ते चिन्हच सगळं ठरवतं.

बरोबरचं चिन्ह नेहमी H₀ मध्ये

दाव्याचं विधान लिहिलं की त्याचं नेमकं उलट विधान शेजारी लिहा. μ ≥ ४० च्या उलट μ < ४०. दोन्ही मिळून सगळ्या शक्यता भरून निघतात. आता दोघांपैकी ज्यात बरोबरचं चिन्ह आहे (=, ≥ किंवा ≤) ते विधान H₀, आणि उरलेलं H₁. म्हणजे:

H₀: μ ≥ ४०
H₁: μ < ४०

विधानं दोनच असल्यामुळे यात विचार करण्यासारखं काही उरत नाही. इथे दावा H₀ मध्ये गेला. दावा ‘सरासरी आयुष्य ४० तासांपेक्षा जास्त’ असा असता तर तो H₁ मध्ये गेला असता. ‘दावा म्हणजे H₁’ किंवा ‘दावा म्हणजे H₀’ असं पाठ केलेलं असेल तर ते विसरून जा. दावा कुठे जाईल हे त्यात बरोबरचं चिन्ह आहे की नाही यावर ठरतं. तो कुठे गेला ते मात्र समासात लिहून ठेवा. शेवटचं वाक्य लिहिताना लागेल.

बरोबरचं चिन्ह H₀ मध्येच का, हे समजलं तर नियम पाठ करावा लागत नाही. चाचणीची सगळी आकडेमोड ‘H₀ खरी आहे असं मानू’ इथून सुरू होते. तसं मानून नमुन्याची सरासरी कुठे कुठे पडू शकते याचं वितरण काढायचं असतं. त्यासाठी एक ठाम आकडा लागतो. ‘μ < ४०’ मानून वितरण काढता येत नाही, कारण ३९.९ मानायचं की ३५? ‘μ ≥ ४०’ मध्येही असंख्य आकडे आहेत, पण त्याला ४० ही कड आहे आणि ती कड विधानाच्या आत आहे. आपण तिथे उभं राहून हिशोब करतो.

मग प्रश्न पडतो की ४० वर हिशोब केला, पण खरी सरासरी ४०.५ किंवा ४१ असेल तर? H₀ त्यातही खरीच आहे. आपल्या प्रश्नात नमुन्याची सरासरी सुमारे ३८.९९ च्या खाली गेली तर H₀ फेटाळली जाते. खरी सरासरी नेमकी ४० असेल तर असं चुकून होण्याची शक्यता ५ टक्के. खरी सरासरी ४०.५ असेल तर ती एक टक्क्याहूनही कमी होते आणि ४१ असेल तर हजारात एकाहूनही कमी. म्हणजे H₀ मधल्या सगळ्या आकड्यांपैकी ४० हाच आपल्यासाठी सर्वात धोक्याचा. तिथे चूक ५ टक्क्यांत राहिली की बाकी सगळीकडे ती त्याहून कमीच राहणार. म्हणून H₀ मध्ये ≥ असलं तरी सूत्रात ४० च भरायचे.

काही पाठ्यपुस्तकं याच कारणाने एकतर्फी प्रश्नातही H₀: μ = ४० एवढंच लिहितात. दोन्ही पद्धती चालतात; टी-मूल्य, पी-व्हॅल्यू, निष्कर्ष काहीच बदलत नाही. तुमच्या अभ्यासक्रमात जी पद्धत असेल ती धरा आणि एकाच उत्तरपत्रिकेत दोन्ही मिसळू नका. मला स्वतःला ≥ आणि ≤ वाली पद्धत शिकताना बरी वाटते, कारण तिच्यात दोन्ही विधानं मिळून सगळं भरून निघतंय की नाही ते डोळ्यांना दिसतं. चालत नाही ते एकच: H₁ मध्ये =, ≥ किंवा ≤ येणं. तुमच्या H₁ मध्ये असं चिन्ह दिसलं तर पुढे जाऊ नका, मागे या.

पडताळा: कोणता नमुना पाहून तुम्ही हरकत घ्याल?

चिन्हं लिहून झाल्यावर एक प्रश्न स्वतःला विचारा. H₀ वरचा विश्वास उडावा असा नमुना कसा दिसेल? पाकिटावर ‘किमान ४०’ आहे. नमुन्याची सरासरी ४६ आली तर कुणी तक्रार करेल का? नाही, कारण ४६ तर दाव्यात बसतंच. ३४ आली तर? लगेच. म्हणजे हरकतीची बाजू डावी, H₁ चं चिन्ह <, आणि नकार क्षेत्र डाव्या टोकाला.

‘किमान’ या शब्दाने फसून जो विद्यार्थी उजवीकडची चाचणी करतो, त्याला हा पडताळा लगेच अडवतो. सुरुवातीला ०.९६ ही पी-व्हॅल्यू आलेला विद्यार्थी हाच. त्याने ‘दावा ≥ आहे, म्हणून H₁ उजवीकडे’ असा विचार केला. दावा H₀ मध्ये बसलेला असेल, तर तो ज्या दिशेला बोट दाखवतो, हरकतीची बाजू त्याच्या उलट असते.

तीच बॅटरी, विचारणारे तिघे

H₁ ची दिशा बॅटरी ठरवत नाही. ती ठरते कोण काय सिद्ध करू पाहतंय यावर. प्रश्नातली ‘एका संघटनेला वाटतं’, ‘उत्पादकाला दाखवायचं आहे’, ‘अभियंत्याला पाहायचं आहे’ ही वाक्यं म्हणूनच महत्त्वाची असतात.

ग्राहक संघटनेचा प्रश्न आपण पाहिला. तिला आयुष्य कमी असल्याचा संशय आहे. H₀: μ ≥ ४०, H₁: μ < ४०.

आता समजा उत्पादकाने नवं रसायन वापरलं आहे आणि त्याला ‘आमच्या बॅटरीचं सरासरी आयुष्य ४० तासांपेक्षा जास्त आहे’ अशी जाहिरात करायची आहे. जाहिरातीआधी त्याला पुरावा हवाय. इथे दाव्यात बरोबरचं चिन्ह नाही, म्हणून दावा H₁ मध्ये: H₀: μ ≤ ४०, H₁: μ > ४०. पुरावा गोळा करण्याची जबाबदारी आता उत्पादकावर आहे. पुरावा कमी पडला तर H₀ टिकते आणि जाहिरात थांबते. संघटनेच्या प्रश्नात हेच उलट होतं. तिथे जबाबदारी संघटनेवर होती आणि पुरावा कमी पडला असता तर पाकिटावरचं वाक्य तसंच राहिलं असतं.

तिसरी व्यक्ती कारखान्यातली. यंत्र अशा बॅटऱ्या बनवण्यासाठी लावलंय की सरासरी ४० तास यावी. कमी आली तर ग्राहक नाराज, जास्त आली तर साहित्य वाया जातंय. अभियंत्याचा प्रश्न: ‘यंत्राची सरासरी ४० पासून हलली आहे का?’ इथे दोन्ही बाजूंना हरकत आहे. H₀: μ = ४०, H₁: μ ≠ ४०.

तिघांनाही तोच ३६ बॅटऱ्यांचा नमुना मिळाला असं धरू. संघटना ५ टक्क्यांवर H₀ फेटाळते. उत्पादकाला काहीच हाती लागत नाही, कारण नमुना त्याच्या H₁ च्या उलट दिशेला आहे. अभियंत्यासाठी नकार क्षेत्र दोन्ही टोकांना अडीच-अडीच टक्के विभागलं जातं. त्याला सरासरी सुमारे ३८.७८ च्या खाली किंवा ४१.२२ च्या वर हवी. ३८.९ त्यांच्या मध्ये पडतं, म्हणून यंत्र हललं आहे असं म्हणण्याइतका पुरावा त्याच्याकडे नाही. निष्कर्ष तीन आले, आणि तिन्ही आपापल्या प्रश्नाला बरोबर आहेत.

दुतर्फी कधी, आणि दिशा नंतर का ठरवायची नाही

समजा प्रश्न असा आहे: ‘पूर्वी सरासरी आयुष्य ४० तास होतं. नव्या पुरवठादाराचं साहित्य वापरल्यावर ३६ बॅटऱ्यांची सरासरी ३८.९ तास आली. सरासरी आयुष्य बदललं आहे असं म्हणता येईल का?’ शब्द ‘बदललं’ आहे. उत्तर दुतर्फी. ३८.९ हे ४० पेक्षा कमी आहे, हे उघड असलं तरी दुतर्फीच. प्रश्न विचारणाऱ्याला नमुना पाहण्याआधी दोन्ही शक्यता खुल्या होत्या.

नमुना पाहून दिशा ठरवली तर काय बिघडतं? धरा की खरोखर काहीच बदललेलं नाही. नमुन्याची सरासरी निम्म्या वेळा ४० च्या खाली येईल, निम्म्या वेळा वर. तुम्ही खाली आली की डावी चाचणी करता, वर आली की उजवी. म्हणजे तुमची नकार क्षेत्रं प्रत्यक्षात दोन आहेत, डावीकडे ५ टक्के आणि उजवीकडे ५ टक्के. कागदावर ‘५ टक्के सार्थकता पातळी’ लिहिलेली असली तरी चूक होण्याची खरी शक्यता १० टक्के झाली. उत्तरपत्रिकेत ही चोरी दिसत नाही असं वाटतं, पण प्रश्नात ‘बदल’ आणि H₁ मध्ये ‘<’ हे शेजारीशेजारी आले की तपासणाऱ्याला लगेच कळतं.

काही शब्द खरोखर संदिग्ध असतात. ‘सुधारणा झाली का?’ याला दिशा आहे, पण कोणती ते मोजलेल्या गोष्टीवर अवलंबून. गुण वाढले तर सुधारणा, काम पूर्ण करायला लागणारा वेळ घटला तर सुधारणा. वेळेच्या प्रश्नात ‘सुधारणा’ वाचून > लिहिणारे बरेच असतात. ‘परिणाम होतो का?’ याला मात्र दिशा नाही, तिथे दुतर्फी. दिशेबद्दल प्रश्नात एकही शब्द नसेल तर दुतर्फी धरणं सुरक्षित, आणि का धरलं ते एका वाक्यात लिहावं.

प्रत्यक्ष संशोधनात एकतर्फी चाचणीकडे जरा संशयाने पाहिलं जातं, तेही याच कारणाने. औषधांच्या चाचण्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत एकतर्फी चाचणी करायची तर पातळी निम्मी, म्हणजे ५ ऐवजी २.५ टक्के, ठेवावी असं सुचवलेलं आहे. अभ्यासक्रमातल्या प्रश्नात पातळी दिलेली असते. तिथे ती स्वतःहून निम्मी करू नका.

जाता जाता: रोनाल्ड फिशर यांच्या मांडणीत फक्त शून्य परिकल्पना होती, औपचारिक पर्यायी परिकल्पना नव्हती. ती जर्झी नेमन आणि ईगॉन पिअर्सन यांनी आणली. त्यांचा गाजलेला शोधनिबंध १९३३ चा. आजची पाठ्यपुस्तकं या दोन्ही मांडण्यांची मिसळ करून शिकवतात, आणि एकाच प्रश्नात नकार क्षेत्रही येतं आणि पी-व्हॅल्यूही येते त्याचं मूळ तिथे आहे.

दोन गट आले की क्रम लिहा

दोन सरासऱ्यांची तुलना असेल तर चिन्हाच्या जोडीला आणखी एक गोष्ट बिघडू शकते, ती म्हणजे वजाबाकीचा क्रम. समजा १२ जणांना एक कोडं सोडवायला लागणारा वेळ सरावाआधी मोजला आणि सरावानंतर पुन्हा मोजला. ‘सरावामुळे वेळ कमी होतो का?’ माणसं तीच असल्यामुळे ही जोडीची चाचणी आहे. आधी व्याख्या करा: d = आधीचा वेळ − नंतरचा वेळ, आणि μ_d म्हणजे अशा सगळ्या फरकांची सरासरी. वेळ कमी झाला तर नंतरचा आकडा लहान, म्हणून d धन. त्यावरून:

H₀: μ_d ≤ ०
H₁: μ_d > ०

कुणी d = नंतरचा − आधीचा असं घेतलं तर H₁: μ_d < ० होईल आणि तेही तितकंच बरोबर. चूक होते ती क्रम न लिहिता ‘कमी’ हा शब्द पाहून < लिहिल्यावर आणि वजाबाकी मात्र ‘आधी − नंतर’ केल्यावर.

उजव्या बाजूला नेहमी शून्यच येतं असंही नाही. ‘सरावामुळे वेळ सरासरी ३ सेकंदांपेक्षा जास्त घटतो का?’ असं विचारलं तर H₀: μ_d ≤ ३ आणि H₁: μ_d > ३. शून्य परिकल्पनेच्या नावातल्या ‘शून्य’मुळे इथे ० लिहिलं जातं आणि मग चाचणी भलत्याच प्रश्नाचं उत्तर देते.

तीन किंवा अधिक गटांच्या प्रसरण विश्लेषणात दिशेचा प्रश्नच येत नाही. H₀: μ₁ = μ₂ = μ₃, आणि H₁: ‘सगळ्या सरासऱ्या समान नाहीत’, हे शब्दांतच लिहा. μ₁ ≠ μ₂ ≠ μ₃ असं लिहिणं चूक, कारण दोन समान आणि एक वेगळी हीसुद्धा H₁ मधलीच शक्यता आहे. तिथे नकार क्षेत्र फक्त उजव्या टोकाला असतं, पण त्यावरून परिकल्पना एकतर्फी आहे असं समजू नका. गटांतला कोणताही फरक एफ-मूल्य वाढवतो, एवढंच त्याचं कारण.

संगणकाला दिशा सांगताना

आर आणि पायथनमध्ये `alternative` मध्ये जे लिहायचं ते म्हणजे H₁ ची दिशा. संघटनेच्या प्रश्नासाठी आरमध्ये:

```r
t.test(life, mu = 40, alternative = "less")
```

आणि पायथनमध्ये:

```python
from scipy import stats
stats.ttest_1samp(life, popmean=40, alternative="less")
```

काहीच लिहिलं नाही तर दोन्हीकडे दुतर्फी चाचणी होते. सुरुवातीचा ०.०७५ वाला विद्यार्थी बहुधा असाच फसला. दुतर्फी पी-व्हॅल्यू हातात असेल आणि एकतर्फी हवी असेल तर ती निम्मी करता येते, पण टी-मूल्याचं चिन्ह H₁ च्या दिशेला असेल तरच. उलट दिशेला असेल तर निम्मी करून १ मधून वजा करावी लागते: ०.०७५ चं निम्मं सुमारे ०.०३८, आणि १ मधून वजा केलं की ०.९६. डोळे मिटून निम्मी करणाऱ्याला उत्पादकाच्या प्रश्नातही ०.०३८ मिळेल आणि ज्या बॅटऱ्या ४० तास टिकल्या नाहीत त्यांवरून तो ‘४० पेक्षा जास्त’ सिद्ध करून बसेल.

एक्सेलच्या `T.TEST` मध्ये हा धोका आपसूकच असतो. तिथे टोकं १ की २ एवढंच विचारलं जातं, दिशा विचारली जात नाही, आणि हिशोब टी-मूल्याचं ऋण चिन्ह सोडून होतो. म्हणून १ दिल्यावर ते नेहमी लहान बाजूची पी-व्हॅल्यू देतं. सरासऱ्यांमधला फरक H₁ च्या दिशेला आहे का, हे तुम्हालाच वेगळं पाहावं लागतं.

आरमध्ये गटांची नावं स्तंभात असतील तेव्हा एक छुपा खड्डा आहे:

```r
t.test(score ~ group, alternative = "less")
```

इथे `group` मध्ये `control` आणि `treated` अशी नावं असतील तर आर ती वर्णानुक्रमाने लावतं आणि फरक `control − treated` असा घेतं. म्हणून ‘उपचार गटाचे गुण जास्त’ हे सिद्ध करायचं असताना `"less"` लिहावं लागतं. `"greater"` लिहिलं तर पी-व्हॅल्यू १ च्या जवळ येते. कुठल्याही एकतर्फी चाचणीत ०.९ च्या वरची पी-व्हॅल्यू दिसली की थांबा. एक तर दिशा किंवा क्रम उलटा पडलाय, किंवा नमुना खरोखरच H₁ च्या विरुद्ध आहे. कोणतं खरं ते प्रश्नातले शब्द आणि वजाबाकीचा क्रम पुन्हा वाचून ठरवा. पी-व्हॅल्यू आवडली नाही म्हणून दिशा बदलणं म्हणजे मघाची १० टक्क्यांची चूक.

शेवटचं वाक्य H₀-H₁ शी जुळवा

समासात लिहून ठेवलेली टीप आता कामाला येते. दावा H₀ मध्ये असेल तर वाक्य दाव्याच्या विरुद्ध पुराव्याबद्दल असतं. H₀ फेटाळली तर: ‘५ टक्के पातळीवर, सरासरी आयुष्य किमान ४० तास असल्याचा दावा फेटाळण्यास पुरेसा पुरावा आहे.’ फेटाळली नाही तर: ‘…दावा फेटाळण्यास पुरेसा पुरावा नाही.’ दावा H₁ मध्ये असेल तर वाक्य दाव्याच्या बाजूच्या पुराव्याबद्दल: ‘…सरासरी आयुष्य ४० तासांपेक्षा जास्त आहे या दाव्याला पुरेसा आधार मिळतो’ किंवा ‘…मिळत नाही.’

‘H₀ सिद्ध झाली’ किंवा ‘दावा खरा ठरला’ असं मात्र H₀ टिकल्यावर लिहू नका. अभियंत्याच्या चाचणीत μ = ४० फेटाळलं गेलं नाही, पण त्याच नमुन्याने μ = ३९ सुद्धा फेटाळलं गेलं नसतं, आणि ३८.५ सुद्धा. हे सगळे आकडे एकाच वेळी सिद्ध होऊ शकत नाहीत. दुतर्फी चाचणीत H₀ फेटाळली गेली तर ‘बदल झाला आहे’ असं लिहून नमुन्यावरून तो कोणत्या दिशेचा दिसतो तेही सांगता येतं. दिशा H₁ मध्ये आधी घालणं आणि निष्कर्षात नंतर नोंदवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.